वरणाचा डाग

मावशी आपली भरतकामाची पिशवी एसटीत विसरली. मागे उरला तो एकच फोटो, लग्नाच्या पंगतीतला. त्यात जिलबी वाढणारे काका ठळक आणि मावशीच्या खांद्यावरची पिशवी पार हललेली. कोपऱ्यात एक पिवळा डाग. तो वरणाचा, असं मावशी ठामपणे सांगायची. पिशवी ‘गुजरातकडची’ होती, एवढाच पत्ता. वस्त्रकला शिकणारी भाची तेवढ्यावर पुणे-भुज गाडीत बसली. गुजराती येत नव्हतं, पण हिंदी वाक्याला ‘छे’ जोडलं की भागतं, असा तिचा विश्वास होता.

भुजजवळच्या भुजोडीत तिने फोटो दाखवला. विणकरांनी काकांचं कौतुक केलं. शेवटी एका रबारी आजींनी फोन डोळ्यांपाशी धरला आणि मान हलवली. फ्लॅश काकांच्या चष्म्यावर लखलखला होता, पिशवीवर मात्र दोनच बारीक ठिपके चमकत होते. रबारी भरतकाम असतं, तर गोल, चौकोनी, बदामी आरशांनी अख्खा फोटोच पांढरा झाला असता! शिवाय रबारी बायका साखळी टाका घालतात, त्याची वळणं गोलसर येतात. इथे तर धुरकटपणातही सगळे त्रिकोणच दिसत होते. आजींनी उत्तरेकडे हात केला. सुमरासर.

छकड्यात हाडं खिळखिळी होत असताना तिला फोटोतली खरी खूण दिसली. पिशवीची झाकण-पट्टी उलटली होती आणि आतली बाजू जवळजवळ कोरी होती. सूफ भरतकामात असंच होतं. कापडावर आधी काही रेखाटत नाहीत. बाई उलट्या बाजूने ताणा-बाणा मोजत सुई घालते, रेशीम सगळं पुढे पसरतं आणि मागे इवलेइवले टाके उरतात. मोजणीत एक धागा चुकला, की पुढच्या त्रिकोणांची रांगच सरकते. थरपारकरमधल्या सोढा कुटुंबांनी १९७१च्या युद्धानंतर ही कला इकडे आणली.

सुमरासरमध्ये चार बायका फोनभोवती जमल्या. नक्षी प्रत्येकीची स्वतःची, त्यामुळे एकीने लगेच हात झटकले, “माझं नाही, बेन. हे नणंदेचं.”

“कशावरून?”

“हा मोर बघ. मोजणी चुकली की ती कोपऱ्यात मोर बसवते.”

वरणाचा डाग तो हाच. नणंदबाई हाकेसरशी आल्या. फोटो उलटासुलटा करून त्यांनी पिशवी आपलीच असल्याचं कबूल केलं, चूक मात्र साफ नाकारली. मोर मुद्दाम काढला होता, म्हणे. भावजयीने तिथल्या तिथे त्रिकोण मोजून दाखवायला घेतले, पण काकांच्या कोपराआड एक अख्खी रांग लपली होती. त्यामुळे भांडण मिटेना. भाचीने तशीच दुसरी पिशवी सांगितली, तेव्हा नणंदबाईंनी विचारलं, “मोरासकट?”

“मोरासकट.”

“मग जास्त पैसे पडतील.”