उभ्यालाच उभं राहायचा हुकूम

डोंबिवलीहून सुटलेली जलद लोकल. गर्दीत एक अकाउंटंट उभा आहे. एक हात वरच्या कडीला, दुसरा पोटावर घेतलेल्या बॅगेवर. नऊला दहा कमी असताना मनगट थरथरतं: ‘बराच वेळ बसलात, जरा उभे राहा!’

घड्याळाचा तरी काय दोष? त्याला पाय दिसत नाहीत. आतला सेन्सर मनगटाच्या हालचालीवरून अंदाज बांधतो. काही घड्याळांत तासातून निदान मिनिटभर उभं राहून हालचाल केली, तरच ते खात्यात जमा होतं. कडी धरलेला हात झुलत नाही. त्यामुळे मुंब्र्यापर्यंतची सगळी कसरत फुकट. उलट एसी केबिनमध्ये बसून हातवारे करणाऱ्या साहेबांच्या नावावर चार पावलं आयती पडण्याची शक्यता.

अ‍ॅपवाल्यांना कल्पना हवीच असेल, तर ‘लोकल मोड’ काढावा. जीपीएसचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर गेला, की उभं राहण्याची सूचना गप्प. हवेच्या दाबातल्या बदलावरून दादरच्या पुलाचे जिने मात्र मोजायचे.

अडचण एकच. दिव्याजवळ सिग्नलला गाडी थांबली, की वेग शून्य होणार आणि अ‍ॅपची खात्री पटणार, की स्वारी घरी सोफ्यावर लोळतेय.