लेसन प्लॅनवाल्या मॅडम

प्रत्येक नर्सिंग कॉलेजात एक तरी लेसन प्लॅनवाल्या मॅडम असतातच. आमच्याकडच्या मॅडमची ओळख म्हणजे कडक इस्त्रीची साडी आणि पर्समध्ये सहा इंची पट्टी. वेळ, विशिष्ट उद्दिष्ट, आशय, शिक्षकाची कृती, विद्यार्थ्याची कृती, साधनं, मूल्यमापन असे सात रकाने त्या डोळे मिटूनही सरळ आखतात, आणि या सात रकान्यांत न बसणारी गोष्ट जगात असू शकते हे त्यांना मान्य नाही. मुलीच्या साखरपुड्याला त्यांच्या फ्रिजवर "११.१० ते ११.२५ ओटी. साधनं : नारळ, तांदूळ, खण" असा कागद चिकटवलेला होता. मूल्यमापनाच्या रकान्यात काय लिहिलंय हे वाकून बघायची कुणाची हिंमत झाली नाही.

क्रियापदांबाबत तर त्या फारच कडक. उद्दिष्टात "विद्यार्थिनी समजून घेतील" असं लिहून नेलं की लाल रेघ ठरलेली. "समजलं हे तुम्हाला दिसणार कसं? सांगतील, ओळखतील, करून दाखवतील असं लिहा. दिसेल तेच लिहायचं." नव्या ट्यूटर पोरी बाहेर येऊन कपाळाला हात लावायच्या. पण या एका हट्टातून पुढे बरंच काही निघालं.

झालं असं, की वर्षअखेरीला मुलींनी भरलेल्या कागदांत क्लिनिकल पोस्टिंगबद्दल दोनच तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या. अर्ध्या म्हणत होत्या, "मॅडम पेशंटसमोर ओरडतात." उरलेल्या म्हणत होत्या, "मॅडम काहीच सांगत नाहीत." प्रिन्सिपल मॅडमनी फर्मान काढलं, की सगळ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर्ससाठी वॉर्डातल्या फीडबॅकवर एक तासाचं सेशन घ्या. काम अर्थातच पट्टीवाल्या मॅडमकडे गेलं.

पहिला प्लॅन त्यांनी एका दुपारीच केला. फीडबॅकची व्याख्या दहा मिनिटं, प्रकार दहा, तत्त्वं दहा, अडथळे दहा, प्रश्नोत्तरं, समारोप, आभार. तक्ता इतका देखणा, की भिंतीवर लावावा. पण रात्री त्यांना स्वतःचाच नियम आठवला असावा, कारण दुसऱ्या दिवशी "यात दिसतं काय?" असं पुटपुटत त्या डायरी घेऊन थेट मेडिकल वॉर्डात हजर झाल्या.

तीन-चार दिवस त्या खांबाआड, औषधांच्या ट्रॉलीमागे, कधी लिनन रूमच्या दारात उभ्या राहून इन्स्ट्रक्टर मुलींना जे जे बोलतात ते जसंच्या तसं उतरवत होत्या. वॉर्डातल्या मावशींना वाटलं इन्स्पेक्शन आहे, त्यांनी फरशी दोनदा पुसली. डायरीत जमलेला माल असा होता : "एवढंही येत नाही?" "लक्ष कुठे असतं तुझं?" "कॉन्फिडन्स वाढव जरा." "वाचन कमी पडतंय." "छान, कीप इट अप." आणि पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी लॉगबुकांचा ढीग समोर घेऊन एका दमात मारलेल्या सह्या, प्रत्येक सहीशेजारी "गुड".

मॅडमनी प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहिला : हे ऐकून मुलगी उद्या सकाळी हाताने वेगळं काय करेल? जवळजवळ सगळीकडे उत्तर कोरं राहिलं. कॉन्फिडन्स वाढवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? तो स्टोअरमधून इंडेंट टाकून मागवता येत नाही. आणि गंमत म्हणजे "छान" हा शब्दही "एवढंही येत नाही"च्याच रांगेत बसला. तोही कोराच.

मॅडम वाचणाऱ्या आहेत, हे कबूल केलं पाहिजे. जॅक एन्डे या अमेरिकन डॉक्टरांचा १९८३ सालचा लेख त्यांनी मार्करने पिवळा करून ठेवलाय. एन्डे म्हणतात, की शिक्षकाला वाईट सांगणं जड जातं म्हणून तो गोलगोल बोलतो, विद्यार्थ्यालाही वाईट ऐकायचं नसतं म्हणून तो त्यात आनंदाने साथ देतो, आणि दोघांच्या संगनमताने फीडबॅक हळूहळू नाहीसाच होतो. ओरडणाऱ्या मॅडमसाठी त्यांच्याकडे दुसरा कागद होता. क्लूगर आणि डिनिसी यांनी १९९६ साली बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट बिघडल्याचं त्यांना दिसलं. त्यांचा तर्क असा, की लक्ष हातातल्या कामावरून "मी कशी आहे"कडे वळलं की काम सुटतं. "लक्ष कुठे असतं तुझं?" या वाक्याने नेमकं हेच होतं. मुलगी कफकडे बघायची सोडून स्वतःच्या नशिबाकडे बघू लागते.

नवा प्लॅन आला त्यात व्याख्येला जागाच नव्हती. पहिली पाच मिनिटं डायरीतली वाक्यं नाव न घेता वाचायची. पुढची पाच मिनिटं एक प्रोसिजर बघायची, दहा मिनिटं काय पाहिलं ते निवडायचं, तीस मिनिटं तिघींच्या गटात सराव आणि शेवटची दहा मूल्यमापन. एकूण साठ.

वाक्यं वाचताना वर्गात शांतता होती. प्रत्येकीला वाटत होतं की आपलं वाक्य शेजारणीचं आहे. त्यानंतर मॅडमनी जे केलं ते मात्र आम्हाला अपेक्षित नव्हतं. त्या स्वतः सेकंड इयरची विद्यार्थिनी झाल्या. पदर खोचला, चेहऱ्यावर बारा वाजवले, आणि खुर्चीवर पेशंट म्हणून बसवलेल्या ऑफिसातल्या मामांचं बीपी घ्यायला निघाल्या. मामांना "घाबरू नका हां, हात थोडा आवळेल" असं आधी सांगितलं. मग शर्टाच्या बाहीवरच कफ बांधला. मामांचा हात खाली लोंबत ठेवला. "जेवलात का?" वगैरे चौकशी चालू. नाडी न चाचपताच फुगा भराभर दाबला, स्टेथो लावला, व्हॉल्व्ह एकदम सोडला, काटा सर्रकन खाली आला, आणि त्यांनी चार्टवर ऐटीत लिहिलं : १२५/७५.

"लिहा, काय पाहिलंत."

पहिला कागद आला : "हलगर्जीपणा". मॅडमनी तो उजेडात धरला. "हलगर्जीपणा? कुठे होता? मामांच्या कोपराखाली होता का?" दुसरा कागद : "अभ्यास नाही". "माझा अभ्यास तुम्हाला दिसला? मला तर कधी दिसला नाही." दहा मिनिटं अशी धुलाई झाल्यावर फळ्यावर दिसणाऱ्या गोष्टी उरल्या. कफ बाहीवर होता. हात हृदयाच्या पातळीखाली होता. मोजताना बोलणं चालू होतं. काटा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर उतरायला हवा, तो एका झटक्यात उतरला. आणि शेवटची गोष्ट मागच्या बाकावरच्या एका शांत इन्स्ट्रक्टरने पकडली : डायलवर रेघा दोन-दोनच्या असतात, मग १२५ वाचलं कुठून? मॅडमचा चेहरा असा उजळला, जणू मुलीला मेडल मिळालं. आकडा डायलवरून नव्हे, अंदाजाने आला होता, आणि हे सांगायला चार्टच पुरेसा होता.

आता या पाचही चुका पोरीला सांगायच्या का? मॅडम म्हणाल्या, दोनच. पाच सांगितल्या तर ती "सॉरी मॅडम" एवढंच घरी घेऊन जाते. आकडा ज्यांच्यामुळे सर्वात जास्त बिघडतो त्या आधी घ्यायच्या. हवा झटकन सोडली तर पहिला ठोका हुकतो आणि वरचं प्रेशर कमी लिहिलं जातं, म्हणजे खरोखर वाढलेलं बीपी चार्टवर नॉर्मल दिसतं. १२५ हे त्याचंच पिल्लू, म्हणून तेही त्यातच येतं. दुसरी चूक लोंबता हात, कारण तो आकडा वाढवतो. बाही आणि गप्पा उद्या.

मग प्रश्न आला सुरुवात कशी करायची याचा. पुस्तकात लिहिलेलं असतं, की आधी विद्यार्थ्याला विचारा, तुला कसं वाटलं. आमच्या मुलींना "कसं वाटलं?" विचारलं की त्यांना आपण पकडलो गेलो एवढंच कळतं, आणि उत्तर येतं, "चुकलं मॅडम." काय चुकलं हे दोघींनाही ठाऊक नसतं. मॅडमचा तोडगा असा, की प्रश्न लहान करायचा आणि हाताशी बांधायचा. "पहिला ठोका काटा कुठे असताना ऐकू आला?" याला सॉरी हे उत्तर होऊच शकत नाही. मुलगी आठवू लागते, गडबडते, आणि स्वतःच म्हणते, "मॅडम, नीट ऐकूच आला नाही." इथे सांगायचं : "काटा झटकन खाली आला. स्क्रू अगदी थोडा सैल कर, एकेक रेघ मोजता येईल इतका. आधी मनगटाची नाडी चाचपत हवा भर, ती जिथे लागेनाशी होते त्याच्या वर आणखी तीस." जमलेलं सांगायचं तेही असंच, "छान" नव्हे : "हात आवळेल हे आधी सांगितलंस, म्हणून मामांनी हात सैल सोडला." आणि शेवटी : "उद्या पहिल्या पेशंटला काय करशील? मी बघायला येते."

हे सगळं पेशंटच्या पलंगाशी नाही. पलंगाशी बोललं की शेजारच्या कॉटवरची आजी मध्ये पडते, "नका हो रागावू लेकराला," आणि पुढचे दोन दिवस ती त्या लेकराकडून इंजेक्शन घेत नाही. म्हणून ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात, त्याच दिवशी, उभ्याउभ्या तीन मिनिटं. अपवाद एकच. चुकीचं औषध सिरिंजमध्ये दिसलं तर तिथल्या तिथे हात धरायचा, "थांब, लेबल वाच" एवढंच म्हणायचं, आणि बाकीचं कोपऱ्यात.

कुणीतरी विचारलंच, "मॅडम, एका वॉर्डात दहा-बारा मुली असतात. प्रत्येकीला जमणार कसं?" मॅडम म्हणाल्या, रोज दोघी, रोल नंबरने. त्या दोघींना पूर्ण बघायचं, प्रोसिजरच्या सुरुवातीपासून. न बघता दिलेला फीडबॅक ही अफवा असते. हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहायला घेतलं, मग आशयाच्या रकान्यात ते नाही हे आठवून पुसलं.

सराव रंगला. एक इन्स्ट्रक्टर, एक विद्यार्थिनी, एक निरीक्षक, दर दहा मिनिटांनी भूमिका बदलायच्या. मॅडम गटागटांतून फिरत होत्या आणि "कॉन्फिडन्स" शब्द कानावर आला की पट्टीने बाक वाजवत होत्या.

शेवटी मूल्यमापन. चिठ्ठ्या गोळा झाल्या. "सेशन छान झालं." "व्हेरी इन्फर्मेटिव्ह." "मॅडम ग्रेट आहेत." मॅडमनी एकेक वाचली, लाल पेनाने "काय पाहिलंत?" लिहिलं आणि सगळ्या परत वाटल्या. सगळ्या पुन्हा लिहू लागल्या, आणि दुसऱ्या फेरीत मागच्या बाकावरच्या त्या शांत बाईंची चिठ्ठी आली : "पहिल्या दोन भूमिकांनी सव्वीस मिनिटं घेतली. तिसरीला चार मिळाली. मी तिसरी होते."

मॅडम दोन क्षण गप्प. मग म्हणाल्या, "अहो, गट उशिरा बसले." मग म्हणाल्या, "प्रोजेक्टरवाल्याने वेळ घेतला." प्रोजेक्टर वापरलाच नव्हता. मग म्हणाल्या, "आणि शिवाय विषयच असा आहे की—"

शांत बाई उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि अगदी हळू, कोपऱ्यात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "मॅडम, सराव चालू असताना घड्याळ तुमच्या कुठल्या बाजूला होतं?"

मॅडमनी मागे वळून भिंतीकडे बघितलं. "पाठीमागे होतं," त्या म्हणाल्या.

"पुढच्या वेळी?"

"मोबाइलवर अलार्म लावीन. दर दहा मिनिटांनी," असं म्हणून मॅडमनी पट्टी काढली आणि साधनांच्या रकान्यात एक ओळ वाढवायला जागा आखू लागल्या.