पाच ब्राऊन आणि एक पेंटर

आमच्या भागात त्यांना सगळे पेंटर म्हणतात, पण त्यांच्या हातात ब्रश पाहून आता जमाना झाला. आधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला, पाट्या गेल्या, आणि पेंटर कॉम्प्युटरपुढे बसले. आता ते टॅबवर प्लॅस्टिकच्या पेनानं हॉटेलांच्या मेनूकार्डांसाठी चित्रं काढतात. औरंगपुऱ्यात जिन्याखाली त्यांची एक खोली आहे. दारावर नाव नाही, नुसती सूचना आहे: 'फोटो व्हॉट्सॲपवर साधा टाकू नये. डॉक्युमेंट म्हणून टाकावा. साधा टाकल्यास वाटाणा ओळखू येत नाही.'

माझ्या मेहुण्यानं टीव्ही सेंटरकडे हॉटेल काढलं, तेव्हा मेनूकार्डाचं काम मीच यांच्याकडे नेलं. त्याबद्दल मेहुणा अजून मला बोल लावतो. बत्तीस पदार्थांचे फोटो होते. काही त्यानं काढले, काही वेटरनं, आणि दालफ्रायचा आचाऱ्यानं स्वतः, एका हातात पळी धरून. पेंटरांनी ते एकेक करून पाहिले आणि टॅब उलटा ठेवला.

"शेठ, हे वरातीतले पाहुणे झाले. मला सख्खी भावंडं पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी ते हॉटेलात हजर. खिडकीजवळचं एक टेबल धरलं, ट्यूबलाईट बंद करायला लावली आणि प्रत्येक ताटाशेजारी कोऱ्या कागदाचा चतकोर ठेवून नव्यानं फोटो काढले. कागद कशाला, म्हणून मेहुण्यानं विचारलं. "कागद पांढरा आहे हे मला माहीत आहे. फोटोत तो हिरवट दिसला, तर तेवढा हिरवा मटणातून पण काढायचा." खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला ताट जसं तिरकं दिसतं, तसाच प्रत्येक फोटो घ्यायचा. डोसा वरून आणि लस्सी समोरून, हा प्रकार त्यांना मंजूर नाही. उजेड सगळ्यांवर डावीकडूनच पडणार. आणि फोटो झाला की तो पदार्थ पेंटर खाणार. न खाल्लेल्या वस्तूचं चित्र ते काढत नाहीत. बत्तीस पदार्थांना तीन दिवस लागले, आणि मेहुण्याचा माझ्यावरचा राग मूळचा तिथला.

खरी लढाई ब्राऊनशी होती. कार्डाच्या एका पानावर खलिया, काळ्या मसाल्याचं मटण, शेवभाजी, मसाला वांगं आणि दालफ्राय असे पाच पदार्थ होते, आणि पाचही एकाच रंगाचे. "आपलं सगळं जेवण ब्राऊन आहे हो," पेंटर कळवळून म्हणाले. "इटलीवाल्याचं बरंय. लाल टोमॅटो, पांढरं चीज, हिरवं पान, झालं! इथं मी पाच वाट्या चिखल काढू का?"

त्यावरचा त्यांचा तोडगा मी शेजारी बसून पाहिला. पानावरच्या सगळ्या चित्रांना मिळून चौदा रंग, पंधरावा नाही. हे सांगताना ते अजिंठ्याला मध्ये आणतात: तिथल्या लोकांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि थोडा निळा दगड एवढ्यावर भागवलं, म्हणून भिंती एका घरच्या दिसतात. मग चौदातले पाच ब्राऊन प्रत्येक पदार्थाला एकेक वाटायचे. शेवभाजीचा नारिंगीकडे झुकलेला, वांग्याचा जांभळटाकडे, डाळीचा पिवळ्याकडे. त्यांच्या मते रस्सा मधोमध सगळ्यांचा सारखाच असतो, ओळख पटते ती काठावर. म्हणून मटणाच्या वाटीच्या कडेला तर्रीची लाल रेघ फिरवली आणि तर्रीवर चकाकीचा एकच पांढरा ठिपका दिला. दोन दिले तर प्लॅस्टिक वाटतं. सावलीत राखाडी रंग घालायचा नाही, त्यानं अन्न शिळं दिसतं. सावली म्हणजे त्याच ब्राऊनचा गडद भाऊ. बाहेरची रेघही काळी नको, भाजलेल्या कॉफीच्या रंगाची हवी, कारण काळ्या रेघेत अडकलेली भाकरी करपल्यासारखी दिसते.

नान खलियाला त्यांनी अख्खा दिवस दिला. तुघलकानं 1327 च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा फौजेसोबत हे जेवण इकडे आलं असं शहरात सांगतात. पेंटर ते असं सांगतात, जणू मुदपाकखान्यात तेही होते. नानला वरून हळद-गुळाचं पाणी लावतात, म्हणून तो पिवळा दिसतो. त्या पिवळ्यापुढे खलियाचा ब्राऊन आपोआप लालसर वाटायला लागला. खलियाला त्यांनी नवा रंग लावलाच नव्हता, नुसता शेजारी बदलला होता.

मेहुणा म्हणाला, "पेंटर, वरून चार काजू टाका. अन् कोथिंबीर जरा जास्त."

"वाटीत टाकता का?"

"नाही."

"मग चित्रात पण नाही. गिऱ्हाईक काजू मोजून भांडायला तुमच्याकडे येणार, माझ्याकडे नाही."

एवढ्या शिस्तीच्या माणसाचा घोळ झालाच. पापड त्यांनी शेवटी, गडबडीत, मोठ्या कॅनव्हासवर काढला आणि पानात बसवताना लहान केला. चित्र लहान झालं, तशी त्याची रेघही बारीक झाली. ते त्यांना कळलं त्यांच्या नेहमीच्या परीक्षेत. सगळी चित्रं पोस्टाच्या तिकिटाएवढी करायची, रंग काढून काळीपांढरी करायची आणि दोन पावलं मागं जाऊन डोळे किलकिले करून पाहायचं. जे चित्र डोळ्यात खुपेल ते परकं. एकतीस चित्रं मुकाट बसली होती आणि पापड एकटाच आजारी दिसत होता. पेंटरांनी तो पुसून पुन्हा काढला. पापडासाठी रात्री साडेअकरापर्यंत जागलेला हा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे.

छपाईचा नमुना आला तेव्हा मेहुणा हबकला. मोबाईलवर तजेलदार दिसणारं पालक पनीर कागदावर शेवाळ झालं होतं. पेंटर मात्र शांत. पडदा उजेडानं रंग दाखवतो, कागदाला चार शायांवर भागवावं लागतं, आणि पडद्यावरचा झगझगीत हिरवा त्या चार शायांत मुळात नाही. त्यांनी पालकात पिवळी शाई वाढवली, काळी काढून टाकली, आणि मटणातली निळी शाईही जवळजवळ बंद केली. लॅमिनेशनसकट दुसरा नमुना मागवला, कारण मॅट लॅमिनेशननं रंग आणखी मंदावतो. आणि तो नमुना त्यांनी प्रेसमध्ये पाहिला नाही. रात्री हॉटेलात आणून, मेहुण्यानं हौसेनं लावलेल्या पिवळ्या दिव्याखाली पाहिला. "गिऱ्हाईक इथं बसून वाचणार. प्रेसमध्ये कोण जेवतं?"

कार्ड झकास झालं. दोन महिन्यांनी मेहुण्यानं चायनीज सुरू केलं आणि पेंटरांना न विचारता कुठून तरी मंचुरियनचा एक चकचकीत फोटो घेऊन त्याचं स्टिकर चौथ्या पानावर चिकटवलं. मी घाबरलो होतो. पेंटर एका संध्याकाळी सहज जेवायला आले, कार्ड उघडलं, चौथ्या पानावर थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नखानं स्टिकरची कड उचलली, सावकाश सोलून काढलं आणि पाण्याच्या ग्लासाखाली दाबून ठेवलं.

"एक प्लेट मंचुरियन," ते वेटरला म्हणाले. "अन् एक कोरा कागद."

प्लेट आली. ती त्यांनी खिडकीकडे सरकवली, चमच्यानं एक गोळा उलटा करून पाहिला, खाल्ला, आणि माझ्याकडे बघून हताशपणे मान हलवली.

"हा पण ब्राऊनच निघाला की हो."