आडव्या रेघेचं गाऱ्हाणं

कंपनीच्या रचनेचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. त्यातल्या सगळ्या रेघा खालून वर जातात. खरेदी विभागातून अकाउंट्सकडे जाणारी आडवी रेघ मात्र कुणी काढलेली नसते. ती प्रत्येकाने आपापली, गोड बोलून काढायची.

ही रेघ मला २०२४ सालच्या मार्चअखेरीस काढावी लागली. बुधवार, २७ तारीख. आमच्याकडे बुश गुरुवारच्या दुसऱ्या पाळीपर्यंतच पुरणार होते. भोसरीचा पुरवठादार फोनवर नम्रपणे म्हणाला, "साहेब, माल तयार आहे. जुनं बिल सोडा, गाडी निघालीच समजा." पेमेंट आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी होतं. मंगळवार कालच गेला होता आणि शुक्रवारी गुड फ्रायडे.

अशा वेळी आमच्या खात्यातले एक सहकारी विषयात 'अर्जंट' लिहून तीन उद्गारचिन्हं देतात आणि दोन्हीकडच्या साहेबांना सीसी करतात. मार्चअखेरीला अकाउंट्समध्ये अर्जंट नसलेली मेल ही कौतुकाने एकमेकांना दाखवायची चीज असते, हे त्यांना कोण सांगणार? शिवाय सीसीत साहेब आले की उत्तर लेखी द्यावं लागतं, आणि लेखी उत्तर नियमाबाहेर जाऊच शकत नाही. तासाभरात येतं : 'प्रोसेसप्रमाणे बघू.' हेच फोनवर विचारलं असतं तर निदान काय अडलंय ते तरी कळलं असतं.

मी फोन केला. "मॅडम, हे बिल नेमकं कशाने अडलंय?" पलीकडे क्षणभर शांतता. 'कधी सोडताय' याऐवजी 'कशाने अडलंय' विचारणारा माणूस त्यांना बहुधा नवीन असावा.

अडलं होतं ते असं. ऑर्डर ५०० नगांची, बिलही ५०० चं; पण जीआरएनमध्ये ४९८ स्वीकारलेले. दोन नग क्वालिटीने नापास केलेले. ऑर्डर, जीआरएन आणि बिल हे तिन्ही आकडे जुळल्याशिवाय सिस्टीम पेमेंटचं कुलूप उघडत नाही. दर २४० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५६६ रुपये ४० पैशांसाठी १ लाख ४१ हजार ६०० रुपये अडून बसलेले! दोन नगांची डेबिट नोट काढली की सुटतील. पण त्यासाठी क्वालिटीची सही असलेली रिजेक्शन नोट हवी. आणि क्वालिटीवाले तरी कुठे माझे नोकर? तिथे एक कटिंग, एक क्रीमरोल आणि त्यांच्या मुलाच्या दहावीच्या पेपरांची सविस्तर चौकशी एवढा खर्च आला.

नोट हातात आली, तरी मॅडमनी माझ्यासाठी आजची कामं का बाजूला ठेवावीत? माझी लाइन बंद पडली तर त्यांचं काय जातं? मग मी जीआरएनची तारीख पाहिली : १२ फेब्रुवारी. लघुउद्योगाच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, ते २८ मार्चला भरत होते. माल नापास झाल्याचं पंधरा दिवसांत लेखी कळवलं असतं, तर मुदत पुढे सरकली असती. कळवलं कुणीच नव्हतं. आणि नेमका त्याच वर्षापासून आयकराचा नवा नियम लागू झालेला : मुदत उलटली आणि वर्षअखेरीपर्यंत पैसे गेले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी नफ्यातून वजा होत नाही. पुरवठादार स्वतः माल बनवणारा आणि उद्यम नोंदणीत 'सूक्ष्म', म्हणजे नियमात चपखल बसणारा.

रिजेक्शन नोट आणि उद्यमचं प्रमाणपत्र घेऊन मी मॅडमच्या टेबलाशी गेलो. बुशचं नावही न काढता म्हणालो, "मॅडम, ह्याचे ४५ दिवस उद्या भरतायत."

त्यांनी चष्मा वर केला. "आधी नाही का सांगायचं?"

पुढचं सगळं यंत्रासारखं झालं. डेबिट नोट निघाली, १ लाख ४१ हजार ३३ रुपये ६० पैसे बँकेच्या पोर्टलवर चढले. एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं असतं. ते दुसरे साहेब घरी निघाले होते, त्यांना मॅडमनी स्वतः पार्किंगमधून परत आणलं. त्या साहेबांवर मॅडमचाही काही अधिकार नाही, पण ते त्या साहेबांना बहुधा ठाऊक नसावं. एनईएफटी दर अर्ध्या तासाला जाते, सातच्या आत पुरवठादाराचा फोन आला, "गाडी निघाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच खरेदी विभागात हजर. हातात यादी. "ह्या सगळ्यांची उद्यम प्रमाणपत्रं तुमच्याकडून यायचीयत. ऑडिटर डोक्यावर बसलाय. आजच हवीत हं, अर्जंट आहे."

मी यादी पाहिली. चांगली दोन पानी होती.

"मेल टाका ना मॅडम," मी म्हणालो, "प्रोसेसप्रमाणे बघू."