मथळे उलगडणारे अण्णा

मराठी दैनिकाच्या रात्रपाळीत एक माणूस असा असतोच, ज्याचा इंग्रजी मथळ्यावर काडीचा विश्वास नसतो. आमच्या डेस्कवर ते काम अण्णांकडे आहे. हुद्दा मुख्य उपसंपादक. खिशात लाल बॉलपेन, जे संगणक आल्यापासून केवळ कान कोरण्यासाठी उरलं आहे. वृत्तसंस्थेची सविस्तर बातमी येण्याआधी तिची एका ओळीची फ्लॅश येते, आणि ती ओळ पाहताच अण्णा खुर्ची पुढे ओढून विचारतात, "कोणी? कोणाला? झालंय की व्हायचंय?"

शेवटचा प्रश्न नव्या पोरांसाठी असतो. इंग्रजी मथळ्यात 'मिनिस्टर क्विट्स' असेल, तर मंत्र्यांनी राजीनामा दिलेला असतो. क्रियापद वर्तमानकाळाचं, घटना कालची. 'मिनिस्टर टू क्विट' असेल, तर ते देणार असतात. आणि 'मिनिस्टर हेल्ड' असेल, तर मंत्र्यांनी काही धरलेलं नसतं, त्यांनाच धरलेलं असतं. मधलं 'वॉज' जागा वाचवायला गाळलेलं असतं. हे माहीत नसलेला शिकाऊ उपसंपादक 'पंतप्रधान पुण्याला भेट देतात' असं लिहितो. मग अण्णा शांतपणे विचारतात, "रोज देतात का रे? किती वाजता?"

एकदा बस दरीत कोसळल्याच्या बातमीत 'टोल राइजेस टू २२' आलं, आणि एकाने 'महामार्गावरील टोल २२ रुपयांवर' असं लिहून दिलं. अण्णांनी चष्मा काढून पुसला. "एवढा स्वस्त टोल कुठल्या रस्त्यावर आहे, ते आधी सांग. मग मृतांचा आकडा दुरुस्त कर."

पण अण्णांची खरी कळी खुलते ती नामांची आगगाडी आली की. नव्या माणसाची परीक्षा घ्यायला त्यांनी स्वतःच एक रचून ठेवली आहे: 'डॅम आउस्टी रिहॅब लँड रो पॅनेल हेड क्विट्स'. आठ शब्द, त्यात क्रियापद एकच, तेही अगदी शेवटी. पोरगं डावीकडून सुरुवात करतं आणि 'रो'पाशी रांग लावून बसतं. अण्णा त्याला उजवीकडे नेतात.

"क्विट्स. म्हणजे कोणीतरी राजीनामा दिला. कोणी? हेडने, अध्यक्षांनी. कशाच्या? पॅनेलच्या, समितीच्या. समिती कशाची? रोची, वादाची. वाद कशाचा? जमिनीचा. कुठली जमीन? पुनर्वसनाची. कोणाच्या? धरणग्रस्तांच्या. आता उतर खाली आणि लिही."

पोरगं लिहितं, 'धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या जमिनीच्या वादाच्या समितीच्या अध्यक्षांचा राजीनामा'. अर्थ बरोबर, शब्दांचा क्रमही इंग्रजीतलाच. इंग्रजीत डबे नुसते एकामागे एक उभे असतात. मराठीत मात्र प्रत्येक जोडाला 'च्या'ची कडी लागते. पाच कड्यांचा खडखडाट ऐकून अण्णा कानात बोटं घालतात. त्यांचा नियम असा, की लागोपाठ दोनांहून जास्त 'च्या' आले, की गाडी तोडायची. मग मथळा होतो, 'धरणग्रस्तांच्या जमिनींचा वाद : समितीच्या अध्यक्षांचा राजीनामा'. 'पुनर्वसन' पहिल्या परिच्छेदात जातं. समिती चौकशीची की तडजोडीची, हे इंग्रजी ओळीत नाही. ते बातमी आल्यावरच लिहायचं. "आपल्या मनाने चौकशी लावू नकोस," अण्णा बजावतात. "तो अधिकार सरकारचा."

कोर्टाच्या मथळ्यांना मात्र ते शब्द मोजत नाहीत, नकार मोजतात. 'एससी रिफ्युजेस टू स्टे एचसी ऑर्डर क्वॉशिंग क्रॅकर बॅन' ही त्यांची दुसरी घरगुती प्रश्नपत्रिका. नकार, स्थगिती, रद्द आणि बंदी, चारही एका ओळीत. पोरगं हमखास लिहून टाकतं, 'फटाक्यांना सर्वोच्च न्यायालयाचा नकार'. अण्णा एकच गोष्ट विचारतात, "उद्या सकाळी चौकात फटाका फुटेल की नाही?" मग मागून मोजायचं: बंदी होती, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, त्या आदेशाला स्थगिती मागितली आणि ती सर्वोच्च न्यायालयाने दिली नाही. म्हणजे तूर्त फुटेल. 'फटाक्यांवरील बंदी तूर्त उठलेलीच. स्थगितीस सर्वोच्च न्यायालयाचा नकार'. यातल्या 'तूर्त'वर त्यांचा जीव. स्थगिती नाकारली म्हणजे अपील फेटाळलं असं नव्हे, मूळ सुनावणी अजून व्हायचीच आहे. तो शब्द जागेअभावी कोणी काढला, तर अण्णा आपला चहा प्यायचे थांबतात, आणि त्यांनी चहा थांबवणं ही डेस्कवर गंभीर घटना मानली जाते.

ही सवय घरीही जाते. सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी 'वॉटर कट टुमारो' लिहिलं, तर अण्णा खाली खडूने लिहून येतात, 'उद्या म्हणजे कोणत्या वारी? किती वाजल्यापासून? पालिकेने बंद केलं की आपला पंप बिघडला?' वहिनींनी 'पोळ्या झाल्या' म्हटलं, की "झाल्या, की झाल्याचं समजतं?" असं विचारून ते त्या दिवशी बाहेर जेवतात.

परवा रात्री साडेबाराला, शहर आवृत्ती सोडायच्या वेळी, एक ओळ आली: 'टीचर हेल्ड फॉर असॉल्टिंग ब्रदर-इन-लॉ ओव्हर लँड'. खाली दोन ओळींची बातमी, नाव नाही. दोन कॉलमची जागा राखून ठेवलेली. पोराने झटक्यात 'मेहुण्याला मारहाण. शिक्षकाला अटक' करून दिलं, आणि ते जागेत चपखल बसलं.

"शिक्षक की शिक्षिका?" अण्णांनी विचारलं. इंग्रजीला टीचरचं लिंग सांगावं लागत नाही, ब्रदर-इन-लॉचं नातंही सांगावं लागत नाही. मराठीला दोन्ही लागतात. मेहुणा, दीर, साडू आणि नणंदेचा नवरा, एका इंग्रजी शब्दात चार घरांची भांडणं. अण्णांनी तालुक्याच्या वार्ताहराला झोपेतून उठवलं. त्याने आधी आईवरून काहीतरी पुटपुटून मग माहिती दिली: शिक्षिका आहे, मार खाल्ला तो नणंदेचा नवरा, आणि तो बायकोचा वाटा मागायला आला होता.

"बघ," अण्णा फोन ठेवत म्हणाले. "वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. आता कळलं, जमिनीवरून म्हणजे कशावरून?" आणि त्यांनी टाइप केलं, 'जमिनीच्या वाटणीवरून नणंदेच्या पतीला मारहाणीचा आरोप, शिक्षिकेला अटक'. 'आरोप' त्यांनी मुद्दाम घातला, कारण अटक पोलीस करतात, गुन्हा सिद्ध कोर्टात होतो.

मथळा दोन कॉलमच्या बाहेर गेला. पानं लावणारा ओरडला, "अण्णा, मेहुणा छान बसत होता की! नणंद तरी काढा."

"कॉलम वाढव," अण्णा म्हणाले. "तिला वाट्यातून काढायचं म्हणूनच मारामारी झाली, आता मथळ्यातून आपण काढायची?"