सहाचे सव्वाअकरा

चहा-नाश्त्याच्या साखळीची फ्रँचायझी घ्यायला निघालेला माणूस इंग्रजी करार मराठीत करून मागतो, तेव्हा त्याला तीनच गोष्टी कळायला हव्या असतात. माझा एरिया कुठला, कंपनीला किती द्यायचे आणि दुकान कसे ठेवायचे. भाषांतरकार त्याच्या हातात ठेवतो ‘अनन्य प्रादेशिक अधिकार’, ‘स्वामित्वशुल्क’ आणि ‘नाममुद्रा मानके’.

माणूस खूश. एवढे जड मराठी, म्हणजे कायदेशीरच असणार!

मीही हेच काम करतो, त्यामुळे धंद्याचे गुपित सांगायला हरकत नाही. करारातली ठळक कलमे गोड असतात. दात असतात ते व्याख्यांच्या पानावर, आणि घाईत भाषांतर करणारा नेमके तेच पान उरकतो.

समजा, दुकान कराडला आहे, प्रीतिसंगमाच्या आसपास. करार म्हणतो, दुकानापासून दोन किलोमीटरच्या परिघात दुसरी शाखा निघणार नाही. आता हे दोन किलोमीटर रस्त्याने मोजायचे की नकाशावर कंपास टेकवून? करारात बहुतेक वेळा कंपासच असतो. मग त्या वर्तुळाचा मोठा तुकडा जातो कृष्णा-कोयनेच्या पात्रात आणि पलीकडच्या उसात.

ऊस चहा पीत नाही.

पुढे ‘कंपनीने राखून ठेवलेले हक्क’ असा एक परिच्छेद येतो. हायवेवरची दुकाने, एसटी स्टँड, कॉलेज आणि हॉस्पिटलची कँटीन, मॉल आणि ‘सर्व ऑनलाइन माध्यमे’ यांना परिघाचा नियम लागू नाही. कराडमध्ये माणसे जिथे चहाला थांबतात, ती बहुतेक ठिकाणे या यादीत आली की नाही?

त्याहून बारीक खाच वेगळीच आहे. कलमाने संरक्षण दिलेले असते दुकानाच्या जागेला, गिऱ्हाइकाला नाही. अडीच किलोमीटरवर कंपनीने नुसते किचन टाकले आणि ॲपवरून तुमच्याच गल्लीत मिसळ पोचवली, तरी करार मोडत नाही. ‘तुमच्या एरियात दुसरे कोणी विकणार नाही’ असे मराठीत लिहिले असेल, तर ते भाषांतर चूक आहे. ‘तुमच्या एरियात दुसरे दुकान निघणार नाही, माल मात्र येऊ शकतो’ असे लिहायला हवे. वाचायला वाईट वाटते? वाटू द्या. ते आत्ता वाटलेले बरे.

आता रॉयल्टी. ‘फक्त सहा टक्के’, असे कंपनीचा माणूस सांगतो. जाहिरात निधीचे दोन टक्के तो चहाचा घोट घेता घेता सांगतो.

सहा टक्के कशाचे, हे कोणी विचारायचे?

उत्तर व्याख्यांच्या पानावर: ‘एकूण विक्री’चे. आणि एकूण विक्री म्हणजे मेनूकार्डावरच्या दराने झालेली विक्री, सवलत आणि कमिशन वजा न करता. मराठीत ‘एकूण विक्री’ एवढेच लिहून मोकळे होणाऱ्यांना माझा नमस्कार. खाली आकडा मांडल्याशिवाय या व्याख्येचे भाषांतर पुरे होत नाही, असे माझे मत आहे. तर मांडू या.

महिन्याची विक्री मेनूच्या दराने चार लाख. त्यात अडीच लाख गल्ल्यावर, दीड लाख ॲपवर. ॲपवर गिऱ्हाईक ओढायला वीस टक्के सूट द्यावी लागली, ती दुकानाच्या खिशातून. दीड लाखाचे झाले एक लाख वीस हजार. त्यावर ॲपचे कमिशन पंचवीस टक्के धरा, म्हणजे 30,000 रुपये, आणि कमिशनवरचा 18 टक्के जीएसटी 5,400. हातात उरले 84,600. गल्ल्यावरचे मिळून 3,34,600.

कंपनी मात्र चार लाखच पाहते. रॉयल्टी 24,000, जाहिरात निधी 8,000. या 32,000 वर पुन्हा 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,760. गेले 37,760.

हातात आलेल्या पैशाचे हे सव्वाअकरा टक्के होतात. भाडे, पगार, दूध आणि गॅस अजून बाकीच आहेत.

‘जीएसटीचे काय, तो परत मिळतो की!’ असे शेजारचा कापडवाला सांगेल. त्याला मिळत असेल. आपल्या असल्या साध्या खाण्याच्या दुकानाला बिलावर पाच टक्के कर लागतो आणि त्या पाच टक्क्यांची अटच अशी की खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे ते 5,760 गेले ते गेले. करारात फक्त ‘अधिक लागू कर’ असे तीन शब्द असतात. त्यांचे भाषांतर कोणीही बिनचूक करतो आणि कोणालाही काही कळत नाही.

रॉयल्टीच्या कलमाला शेपूटही असते: ‘किंवा दरमहा वीस हजार, यांपैकी जे जास्त असेल ते’. पावसाने बाजारपेठ ओस पडली, विक्री दोन लाखांवर आली, तरी वीस हजार द्यायचेच. सहाचे दहा इथेच झाले, ॲपला हातही न लावता.

ब्रँड मानकांचे कलम सगळ्यात छोटे. ‘फ्रँचायझीधारक, वेळोवेळी सुधारित होणाऱ्या नियमपुस्तिकेचे पालन करील.’ संपले.

पुस्तिका कुठे आहे? ती गोपनीय आहे. सहीनंतर मिळेल. करारात मात्र ‘वाचली व मान्य केली’ असे आधीच छापलेले असते!

‘वेळोवेळी सुधारित’ हे शब्द महाग आहेत. पाटीचा रंग बदलला, नवे मशीन आले, खुर्च्या जुन्या दिसायला लागल्या, की खर्च तुमचा आणि निर्णय त्यांचा. कप आणि मसाला ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचा. तो पुरवठादार त्याबद्दल कंपनीला काही देतो का? अमेरिकेत हे सही आणि पैसे यांच्या निदान 14 दिवस आधी एका माहितीपत्रकात सांगावे लागते, तिथल्या फ्रँचायझी नियमाने. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदाच नाही. 1872 चा करार कायदा आणि 1999 चा ट्रेडमार्क कायदा यांच्यावर गाडा चालतो. तिथे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला कंपनीला कोण सांगणार?

म्हणून या कलमाखाली मी भाषांतराबरोबर एक टीप जोडतो: खर्चाला वरची मर्यादा करारात नाही. तेवढ्या एका वाक्यावरून मला फोन आले आहेत. ‘गिऱ्हाईक घाबरवता कशाला?’ असे कंपनीच्या माणसाने विचारले. घाबरण्यासारखे काही नसेल, तर मर्यादा लिहून द्या ना!

शेवटच्या पानावर आणखी एक ओळ असते: मराठी प्रत फक्त समजण्यासाठी, मतभेद झाल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य. म्हणजे माझे सगळे मराठी कोर्टात बिनकामाचे. तेव्हा वरचे चार लाखांचे गणित मराठी प्रतीत ठेवून उपयोग नाही. ते इंग्रजी कराराला परिशिष्ट म्हणून जोडून घ्या. त्यासोबत परिघाचा नकाशा आणि नूतनीकरणाच्या खर्चाची रुपयांत मर्यादाही जोडा, आणि तिन्हींवर कंपनीची सही घ्या. कंपनी नाही म्हणाली, तर प्रवेश शुल्काचा चेक फाडू नका. ते शुल्क परत मिळत नाही, हे कलम मात्र कुठल्याही भाषेत स्पष्ट असते.