दोन मिनिटं पुढे

तुमच्या सोसायटीतही ते असणारच. निवृत्त माणूस, आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेलं, हातात लांब दांड्याची काळी छत्री, आणि जगातला प्रत्येक माणूस छत्री चुकीची धरतो हा ठाम विश्वास. एवढं जुळलं की ओळख पटली म्हणून समजा. आमच्याकडे त्यांना 'दोनमिनिटं सर' म्हणतात. तोंडावर अर्थात नुसतं 'सर'.

हे नाव आमच्या सेक्रेटरींमुळे पडलं. जुलैची सकाळ, वारा पडलेला, पाऊस अगदी सरळ पडत होता. सेक्रेटरी एका हातात दुधाच्या पिशव्या आणि दुसऱ्या हातात ध्वजस्तंभासारखी ताठ छत्री घेऊन घरी निघाले होते. मागून आवाज आला, "दोन मिनिटं!" ते थांबले.

"थांबलात कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, दोन मिनिटं."

"छत्री हो, छत्री! छत्री दोन मिनिटं पुढे घ्या. आणि आता थांबलाच आहात तर शून्य मिनिटं. सरळ धरा."

सेक्रेटरींनी छत्री पुढे नेली होती ती सरळ केली आणि घाबरून चालू लागले. लगेच मागून, "पुन्हा दोन मिनिटं!"

भानगड अशी की लोकांना अंश सांगून कळत नाही, असं सरांचं चाळीस वर्षांच्या अध्यापनानंतरचं मत आहे. 'बारा अंश कलवा' म्हटलं की माणूस वीसही करतो आणि पाचही. पण बाराच्या आकड्यावरून मिनिटकाटा दोन मिनिटं सरकला की कुठे जातो, हे प्रत्येकाला दिसतं. काटा मिनिटाला सहा अंश सरकतो, म्हणून दोन मिनिटं म्हणजे बारा अंश. छत्रीचा दांडा हा काटा, आणि तो सरकणार आपण चालतोय त्या दिशेला.

आता बाराच का, हे विचारायची चूक एकदा लिफ्टमध्ये कुणीतरी केली. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचली तरी सरांनी दार धरून ठेवलं होतं. ते म्हणतात, पाऊस कुठे पडतोय हे विसरा, तुमच्याकडे कसा येतोय ते बघा. मध्यम सरीतला दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर खाली येतो. तुम्ही ताशी पाच किलोमीटरने चालता, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर. त्या एका सेकंदात थेंब साडेसहा मीटर खाली आला आणि तुम्ही १.४ मीटर त्याच्या पुढ्यात गेलात. तुम्ही स्वतःला जागचे हललेले मानत नाही, त्यामुळे तुमच्या डोळ्यांना तो थेंबच १.४ मीटर अंगावर चालून आलेला दिसतो. १.४ भागिले ६.५, म्हणजे ०.२१ आणि वर थोडं. इतका उतार बारा अंशाच्या कोनाचा असतो. दांडा त्या तिरक्या रेषेत धरला की पाऊस छत्रीच्या बरोबर माथ्यावर येतो. दार सोडलं तेव्हा खाली तळमजल्यावर चार माणसं लिफ्टची वाट बघत होती. सरांचं म्हणणं, त्यांना दोन मिनिटंच थांबावं लागलं. ती कुठली मिनिटं, हे कुणी विचारलं नाही.

सरांना खरा आनंद होतो तो समोरचा चुकला की. सी विंगमधली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे जोराचा पाऊस आला की छत्री आणखी कलवायची ना, सर?" सरांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. उलटं! जोराच्या पावसाचे थेंब मोठे आणि मोठा थेंब वेगात येतो. पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला नऊ मीटरने आदळतो. तिथे तुमचं चालणं किरकोळ ठरतं, दीड मिनिटात भागतं. भुरभुर पावसाचा अर्ध्या मिलिमीटरचा थेंब मात्र जेमतेम दोन मीटरने उतरतो. १.४ भागिले २, पस्तीस अंश. म्हणजे जवळजवळ सहा मिनिटं!

"पुण्यातल्या पँटी," सर बोट वर करून म्हणाले, "धो-धो पावसात भिजत नाहीत. भुरभुरीत भिजतात."

मग त्यांनी पार्किंगच्या खांबावर खडूने आकृती काढली. ती अजून आहे, वॉचमन तिला हात लावू देत नाही. छत्रीची कड जमिनीपासून १.८ मीटरवर, तुमच्यापासून अर्धा मीटर पुढे. गुडघा अर्ध्या मीटर उंचीवर, म्हणजे कडेच्या १.३ मीटर खाली. सरळ धरलेल्या छत्रीत मध्यम सरीतला पाऊस कडेवरून गुडघ्यापर्यंत उतरेतो २८ सेंटिमीटर आत शिरतो. गुडघा कसाबसा वाचतो, पुढे टाकलेलं पाऊल भिजतं. भुरभुरीत तोच पाऊस ९० सेंटिमीटर आत येतो. अर्ध्या मीटरची कड तिथे काय पुरणार? गुडघा काय, मांडीही गेली. लोक म्हणतात, छत्री असून भिजलो, पाऊस काही एवढा नव्हता. पाऊस एवढा नव्हता म्हणूनच भिजलात!

पुस्तकांशी मात्र सरांचं पटत नाही. अकरावीला एक प्रसिद्ध गणित आहे. पाऊस सरळ पडतोय, वेग सेकंदाला ३५ मीटर. एक बाई सेकंदाला १२ मीटर वेगाने सायकलवरून चालली आहे, तर तिने छत्री कशी धरावी? उत्तर एकोणीस अंश. सी विंगच्या त्याच मुलीने ते बरोबर काढून दाखवलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली. सर वहीकडे बघून कळवळले. "अगं, बारा मीटर म्हणजे ताशी त्रेचाळीस किलोमीटर! एका हातात छत्री धरून! हिला ऑलिंपिकला पाठवा, परीक्षेत कशाला आणता?" आणि पाऊस ३५ मीटरने? हवेचा विरोध नसता तर एक किलोमीटरवरून सुटलेला थेंब १४० मीटरनेही आला असता, पण मग पावसाळ्यात छत्री नाही, चिलखत लागलं असतं. हवा आहे, म्हणून थेंबाचं वजन आणि हवेचा विरोध सारखे झाले की वेग वाढायचा थांबतो. नऊ मीटरच्या फार पुढे तो जात नाही. मुलीचं उत्तर पुस्तकात बरोबर आहे, पावसात नाही. तिला मार्क पूर्ण मिळाले, सरांनी ते वहीत नाइलाजाने दिले.

रिक्षावाल्यांमध्येही त्यांची कीर्ती आहे. रिक्षा छत्तीसच्या वेगाला आली की सेकंदाला दहा मीटर होतात, आणि साडेसहाच्या पावसाचा कोन सत्तावन्न अंशांवर जातो. "साडेनऊ मिनिटं!" सर मागून ओरडतात. रिक्षावाल्याला वाटतं स्टेशनला पोचायला साडेनऊ मिनिटं आहेत आणि तो आणखी जोरात मारतो. त्यामुळे कोन आणखी वाढतो. सिग्नलला रिक्षा थांबते, समोरून काचेवर येणारा पाऊस एकदम सरळ पडायला लागतो, आणि सर विजयी मुद्रेने म्हणतात, "बघा, शून्य." रिक्षावाला मीटरकडे बघतो.

एकदा चहावर ब्रॅडलीही आला. जेम्स ब्रॅडली, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ. तारे वर्षभरात किंचित जागा बदलताना दिसतात याचं कारण त्याने १७२८ साली शोधलं. पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटरने चालते, ताऱ्याचा प्रकाश तीन लाख किलोमीटरने येतो. मग दुर्बीणही छत्रीसारखी पुढे कलवावी लागते, फक्त एका अंशाच्या १८०व्या भागाइतकी. "म्हणजे किती मिनिटं, सर?" मी विचारलं. माझा हेतू वाईट होता. सरांनी बशीत बोटाने हिशेब केला आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "हजारावा भाग. मिनिटाचा हजारावा भाग. तेवढंसुद्धा त्याने सोडलं नाही." माझ्या छत्रीकडे बघून त्यांनी नंतर जो श्वास सोडला, त्यात सगळं आलं.

एक कबूल करायला हवं. स्वतःच्या हिशेबाच्या मर्यादा सर लपवत नाहीत. एका सरीत लहानमोठे थेंब एकत्र असतात, प्रत्येकाचा कोन निराळा, त्यामुळे दोन मिनिटं ही मधली तडजोड आहे. शिवाय वारा. समोरून सेकंदाला तीन मीटर वारा असला की तो तुमच्या १.४ मध्ये मिळतो आणि दोनाची जवळजवळ पावणेसहा मिनिटं होतात. तुमच्याच वेगाने मागून वारा असेल तर छत्री सरळ धरून चाला, एक थेंब पुढून लागणार नाही. तिरका पाऊस आपल्या चालण्याचा की वाऱ्याचा, हे चालताना कळत नाही. त्यासाठी सरांची एकच परीक्षा: थांबायचं, आणि गडद भिंतीच्या किंवा झाडाच्या पार्श्वभूमीवर धारा बघायच्या. थांबल्यावरही तिरक्या दिसल्या तर वारा. सरळ झाल्या तर तो तिरपेपणा तुमचाच होता.

काकूंबद्दल सोसायटीत कुणी फारसं बोलत नसे. सर तरातरा पुढे, छत्री दोन मिनिटं पुढे, आणि काकू अर्धं पाऊल मागे. पुढे कललेल्या छत्रीची मागची कड वर उचलली जाते, त्यामुळे काकूंच्या डोक्यावर आभाळ मोकळं. हिशेब चोख होता, फक्त एका माणसाचा होता. काकू पदर डोक्यावर घेऊन चालत आणि भाजीवालीला म्हणत, "यांचं गणित सुटतं, मी सुटते की नाही कोण बघतंय?"

गेल्या वर्षी काकूंचे गुडघे गेले. यंदाच्या पावसात दोघं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाताना दिसली. चाल निम्मी झालेली, सेकंदाला पाऊण मीटरही नाही. एवढ्या वेगाला एक मिनिट पुष्कळ. पण सरांची छत्री पुढे नव्हतीच. ती काकूंच्या बाजूला चांगली पाच मिनिटं कलली होती, आणि सरांचा उजवा खांदा, बाही, खिशातलं पेन, सगळं निथळत होतं.

इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायची ही संधी मी सोडणार नव्हतो. "सर," मी गाठून म्हटलं, "एक मिनिट पुढे हवी. ही तर पाच मिनिटं डावीकडे!"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. "डावीकडून वारा आहे," ते म्हणाले.

मी थांबलो. समोर कंपाउंडची ओली काळी भिंत होती. धारा ओळंब्यात पडत होत्या, आणि कडेच्या जास्वंदीचं पान फक्त थेंब पडला तेवढ्यापुरतं हलत होतं.

"कसला वारा?" काकू म्हणाल्या. "मला तर काही लागत नाही."

"छत्री आहे म्हणून लागत नाही," सर म्हणाले आणि वळून माझ्यावर खेकसले, "आणि तुम्ही हो! थांबलाय, तरी छत्री दोन मिनिटं पुढेच? शून्य करा आधी."